खबर, इंद्रिये आणि बुद्धी : कलामशास्त्रातील ज्ञानसाधनांचा क्रम

समरकंदमध्ये ११४२ साली निधन पावलेले हनफी पंडित नज्मुद्दीन उमर नसफी यांनी इस्लामी श्रद्धातत्त्वांवर ‘अकाइद’ या नावाने प्रसिद्ध असलेला एक लहानसा ग्रंथ लिहिला. अवघ्या काही पानांच्या या ग्रंथाचा आरंभ ईश्वराच्या अस्तित्वाने किंवा प्रेषिताच्या महतीने होत नाही. वस्तूंना खरेखुरे स्वरूप असते, ते जाणता येते आणि हे नाकारणारे सोफिस्ट चुकतात, हे त्यातले पहिले विधान आहे. आणि त्यामागोमाग येणारे विधान असे की, निर्मित जीवांना ज्ञान होण्याची कारणे तीन आहेत : निर्दोष इंद्रिये, खरी खबर आणि बुद्धी. या ग्रंथावर सादुद्दीन तफ्ताजानी यांनी १३६७ साली लिहून पूर्ण केलेली टीका पुढे मूळ ग्रंथाहूनही अधिक वाचली गेली. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने रूढ झालेल्या ‘दर्स-ए-निजामी’ या अभ्यासक्रमात तिला स्थान मिळाले, आणि त्यामुळे भारतातील मदरशांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी श्रद्धेचा पाठ गिरवण्याआधी ज्ञानाच्या साधनांचा पाठ गिरवला.

श्रद्धातत्त्वांचे युक्तिवादाने प्रतिपादन आणि रक्षण करणाऱ्या या शास्त्राला ‘कलाम’ म्हणतात आणि त्याच्या अभ्यासकांना ‘मुतकल्लिम’. त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : बुद्धी श्रेष्ठ की ईश्वरी वचन? मग बुद्धीच्या बाजूला मुअतजिला पंथ, वचनाच्या बाजूला हदीसवादी पंडित आणि मधोमध अशअरी व मातुरीदी पंथ अशी मांडणी केली जाते. ही मांडणी सर्वस्वी खोटी नाही. परंतु मुतकल्लिमांनी ज्ञानसाधनांचा क्रम लावताना ज्याची सर्वाधिक चिंता वाहिली ते तीत झाकले जाते. एखादे साधन दुसऱ्याच्या वर ठेवायचे ते कोणत्या मापाने, हा प्रश्न त्यांना आधी सोडवावा लागला. कोणते ज्ञान अधिक निःसंशय आहे हे एक माप, कोणते साधन अधिक दूरवर पोहोचते हे दुसरे, आणि कोणते साधन कोणाच्या आधारावर उभे आहे हे तिसरे. या तीन मापांनी लावलेले क्रम एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांपैकी तिसरे, म्हणजे आधाराचे माप, कलामात निर्णायक ठरले, आणि त्या मापाने पाहिले असता सर्वांत मोठा भार बुद्धीवर किंवा वचनावर न पडता या दोहोंच्या खाली असलेल्या एका सांध्यावर पडतो. हा सांधा म्हणजे कोणीतरी काहीतरी डोळ्यांनी पाहिले आणि ते इतरांना सांगितले, ही घटना.

साधने तीनच का, हा आक्षेप तफ्ताजानींनी स्वतःच उपस्थित केला आहे. ज्ञानाचे खरे कारण विचाराल तर ते ईश्वर हे एकच आहे, कारण त्याच्या निर्मितीवाचून इंद्रियालाही काही दिसत नाही. दृश्य पातळीवरचे कारण विचाराल तर बुद्धी हे एकच आहे, कारण इंद्रिये ही तिची उपकरणे आणि खबर हा तिचा मार्ग. आणि ज्याने ज्याने ज्ञान होते ते सारे मोजायचे म्हटले, तर अनुभव, अंतःस्फूर्त अटकळ, भूक-तहानेची आंतरिक जाणीव अशी यादी तीनवर थांबत नाही. त्यांचे उत्तर मोकळेपणाने व्यावहारिक आहे. जुन्या आचार्यांना तत्त्वज्ञांच्या सूक्ष्म वर्गीकरणात रस नव्हता; इंद्रिये वापरल्यावर होणाऱ्या काही जाणिवांविषयी शंका उरत नाही असे त्यांना दिसले, म्हणून त्यांनी इंद्रियांना एक साधन मानले; धर्मविषयक माहितीचा बहुतेक भाग खबरेतूनच येतो असे दिसले, म्हणून तिला दुसरे मानले; आणि उरलेले सारे बुद्धीच्या खाती घातले. ही कबुली महत्त्वाची आहे. खबर स्वतंत्र साधन म्हणून यादीत आली ती तिचे स्वरूप बुद्धीहून वेगळे असल्याचे सिद्ध झाले म्हणून नव्हे, तर तिच्यावाचून धर्माचे चालतच नाही म्हणून. दहाव्या शतकात समरकंदमध्येच होऊन गेलेल्या अबू मन्सूर मातुरीदी यांच्या ‘किताबुत्-तौहीद’मध्येही प्रत्यक्ष दर्शन, खबरा आणि विचार ही त्रयी आढळते, आणि तिथेही खबर नाकारणारा माणूस आपले नाव, आपले कुळ, अन्न कोणते आणि विष कोणते हेदेखील गमावून बसतो, असा युक्तिवादाचा रोख आहे.

खबर आणि बुद्धी यांची बाजू इतक्या आवर्जून मांडावी लागली, कारण ती नाकारणारे प्रतिपक्षी कलामग्रंथांत ठाण मांडून बसलेले आहेत. त्यांत ‘सुमनिय्या’ नावाचा एक भारतीय पंथ येतो. हे नाव श्रमणांशी जोडले जाते, आणि इंद्रियांना जे गवसत नाही त्याचे ज्ञानच नाही हे मत त्यांच्या माथी मारलेले असते. प्रत्यक्षातील कोणत्याही बौद्ध संप्रदायाशी ते जुळवणे अवघड आहे. अहमद इब्न हंबल यांच्या नावावर असलेल्या एका खंडनग्रंथात या लोकांची आणि ७४६ च्या सुमारास मारल्या गेलेल्या जह्म इब्न सफवान या आद्य मुतकल्लिमाची गाठ सांगितली आहे. तुझा देव तू पाहिलास का, त्याचा शब्द ऐकलास का, त्याचा वास घेतलास का, त्याला स्पर्श केलास का, असे त्यांनी एकेक इंद्रिय घेऊन विचारले. प्रत्येक वेळी जह्मला नाही म्हणावे लागले. मग तो देव आहे हे तुला कशावरून कळले, या शेवटच्या प्रश्नावर तो गोंधळला आणि चाळीस दिवस कोणाची उपासना करावी हेच त्याला कळेना. पुढे त्याने तोच प्रश्न उलटवला : तुमच्यात प्राण आहे असे तुम्ही म्हणता, तर तो तुम्ही पाहिलात का, त्याचा आवाज ऐकलात का? ही हकीकत जह्मच्या विरोधकांनी सांगितलेली आहे आणि त्याला हास्यास्पद ठरवणे हा तिचा हेतू आहे. तरीही तिच्यातून वादाचा कणा दिसतो. इंद्रिये हे एकमेव साधन मानले तर प्रतिपक्षालाही स्वतःचा जीव सिद्ध करता येत नाही, म्हणून इंद्रियांना न दिसणाऱ्या गोष्टीकडे नेणारे दुसरे काहीतरी मान्य करावेच लागते.

तथापि इंद्रियांचा अधिकार कमी करणे मुतकल्लिमांना परवडणारे नव्हते. तिरळ्या माणसाला एकाचे दोन दिसतात, पित्त वाढलेल्याला गोड कडू लागते, मग इंद्रियांवर भरवसा कसा ठेवायचा, या जुन्या आक्षेपाला तफ्ताजानींचे उत्तर असे की, विशिष्ट कारणाने एका ठिकाणी झालेली चूक, ते कारण जिथे नाही तिथल्या निश्चितीला धक्का लावत नाही. नसफींनी ‘इंद्रिये’ एवढेच न म्हणता ‘निर्दोष इंद्रिये’ म्हटले आहे ते याचसाठी. इंद्रियज्ञान श्रेष्ठ की विचाराने मिळालेले ज्ञान श्रेष्ठ, यावर अशअरी पंथातही मतभेद होता. १०३७ मध्ये निधन पावलेल्या अब्दुल काहिर बगदादी यांनी नोंदवल्याप्रमाणे अबुल अब्बास कलानिसी यांनी विचारजन्य ज्ञानाला अग्रस्थान दिले, तर खुद्द अबुल हसन अशअरी यांनी इंद्रियजन्य ज्ञानाला दिले, आणि कारण असे दिले की, इंद्रियज्ञान हे विचाराचे मूळ आहे. इथे आधाराचे माप प्रथमच स्पष्टपणे पुढे येते. अशअरींचा दावा असा नाही की डोळा बुद्धीहून थोर आहे; दावा एवढाच की, खालचे काढून घेतले तर वरचे उभे राहत नाही.

गझाली यांनी ‘अल्-मुन्किज’ या आत्मवृत्तात हाच क्रम विरुद्ध टोकापर्यंत ताणून पाहिला. सावली स्थिर दिसते, पण काही वेळाने पाहिले तर ती सरकलेली असते. तारा दीनाराएवढा दिसतो, पण भूमितीच्या आधारे तो पृथ्वीहून मोठा ठरतो. अर्थात डोळ्याला खोटे पाडणारा न्यायाधीश बुद्धी आहे. मग बुद्धीलाही खोटे पाडणारा एखादा न्यायाधीश तिच्या पलीकडे नसेलच हे कशावरून, या शंकेने ते जवळपास दोन महिने ग्रासले गेले. त्यातून ते बाहेर पडले ते पुराव्याने नव्हे, कारण पुरावा मांडायला आधी मूलभूत तत्त्वे मान्य असावी लागतात. ईश्वराने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने बुद्धीवरचा विश्वास परत आला, असे ते सांगतात. सर्वसामान्य कलामग्रंथांनी मात्र हा प्रकाश साधनांच्या यादीत घेतला नाही. आंतरिक स्फुरण, ज्याला ‘इल्हाम’ म्हणतात, ते एखाद्या व्यक्तीला खरे ज्ञान देऊ शकेल, पण ते दुसऱ्यावर बंधनकारक होत नाही, म्हणून नसफींनी त्याला वगळले. यादीत तेच साधन बसते ज्याच्या आधारे अनोळखी माणसाशी वाद घालता येतो.

आता खबर. मराठी वाचकाला इथे न्यायदर्शनातील शब्दप्रमाण आठवेल, आणि साम्य आहेही. पण एक मोठा फरक आहे. न्यायदर्शनात शब्दाचे बळ सांगणाऱ्या आप्तपुरुषाच्या विश्वासार्हतेतून येते. कलामातील खबरेचा पहिला आणि पायाभूत प्रकार, ज्याला ‘मुतवातिर’ म्हणतात, त्याचे बळ सांगणाऱ्याच्या सज्जनपणातून येतच नाही. असंख्य लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणांहून, संगनमत करून खोटे बोलणे अशक्य वाटावे इतक्या संख्येने सांगितलेली गोष्ट म्हणजे मुतवातिर खबर; ती सांगणारे मुसलमान असले पाहिजेत अशीही अट बहुतेकांनी घातली नाही. दूरची नगरे आणि होऊन गेलेले राजे ही तिची ठरलेली उदाहरणे आहेत. ज्याने मक्का किंवा बगदाद कधी पाहिले नाही, त्यालाही ती शहरे आहेत याविषयी तिळमात्र शंका नसते. हे ज्ञान अनुमानाने येत नाही, ते मनावर आपोआप उमटते, हे बहुमत होते, आणि त्याचा पुरावा असा की, अनुमान कसे करायचे हे ज्यांना कळत नाही अशा लहान मुलांनाही ते होते. अशा आपोआप उमटणाऱ्या ज्ञानाला ‘जरूरी’ म्हणतात आणि पुराव्याच्या साखळीने मिळवलेल्या ज्ञानाला ‘इस्तिदलाली’. बल्खचे मुअतजिली पंडित अबुल कासिम कअबी यांनी मुतवातिर ज्ञान दुसऱ्या वर्गात घातले. त्यांच्या मते माणूस नकळत हिशेब करतो की, इतके लोक एकाच वेळी खोटे बोलणार नाहीत.

मुतवातिर खबरेच्या अटींत गझालींनी ‘अल्-मुस्तस्फा’ या ग्रंथात जे बारकावे दाखवले आहेत ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत. सांगणाऱ्यांनी निश्चित जाणलेली गोष्ट सांगितली पाहिजे, अंदाज नव्हे : बगदादच्या साऱ्या रहिवाशांनी येऊन सांगितले की, एक पक्षी पाहिला आणि तो आम्हाला कबुतर वाटला, तरी ते कबुतर होते हे ज्ञान ऐकणाऱ्याला होत नाही. शिवाय ती गोष्ट इंद्रियांनी पाहिलेली असली पाहिजे : त्याच बगदादच्या साऱ्या रहिवाशांनी विश्व निर्माण झालेले आहे असे एकमुखाने सांगितले, तरी त्यातून विश्वाच्या निर्मितीचे ज्ञान होत नाही, कारण ते त्यांनी पाहिलेले नाही, मानलेले आहे. आणि परंपरेच्या आरंभी, मध्ये व शेवटी, प्रत्येक पिढीत सांगणाऱ्यांची संख्या तितकीच मोठी असली पाहिजे. या अटींमुळे सिद्धान्ताचा प्रश्न लोकसंख्येने सोडवण्याचा मार्ग बंद होतो. एखादा समाज कितीही मोठा असला आणि त्याची श्रद्धा कितीही जुनी असली, तरी त्याने पाहिले काय एवढ्यापुरतीच त्याची साक्ष चालते.

किती माणसे सांगत असली म्हणजे खबर मुतवातिर होते, या प्रश्नावर मात्र पंडितांची त्रेधा उडालेली दिसते. १०१३ मध्ये निधन पावलेले अशअरी पंडित बाकिल्लानी यांनी चार पुरत नाहीत असे ठरवले, कारण व्यभिचाराच्या खटल्यात चार साक्षीदार लागतात आणि तरीही न्यायाधीशाला त्यांच्या चारित्र्याची चौकशी करावी लागते. चौघांच्या सांगण्याने आपोआप ज्ञान होत असते तर चौकशीची गरजच पडली नसती. पाचांविषयी त्यांनी निर्णय दिला नाही. इतरांनी बारा, वीस, चाळीस, सत्तर आणि बद्रच्या लढाईत लढलेल्यांइतके तीनशेहून अधिक असे आकडे कुराणातल्या किंवा इतिहासातल्या कोणत्या ना कोणत्या प्रसंगावरून सुचवले. गझालींनी आणि बहुतेक नंतरच्या पंडितांनी हे सारे आकडे सोडून दिले आणि म्हटले की, संख्या ठरलेली नाही. ऐकणाऱ्याला ज्ञान झाले, म्हणजे संख्या पुरेशी होती असे समजावे. संख्येइतकाच परिस्थितीच्या खुणांचाही वाटा असतो हे दाखवताना गझाली तान्ह्या मुलाचे उदाहरण घेतात. दूध पोटात जाताना दिसत नाही. पण मूल चोखते आहे, त्याचा घसा हलतो आहे, रडणारे मूल गप्प झाले आहे, आणि आईच्या अंगावर दूध असणार हे माहीत आहे. यातली कोणतीही एक खूण पुरेशी नसते, पण सगळ्या एकत्र आल्या की पाहणाऱ्याला शंका उरत नाही. एकट्या माणसाने आणलेली खबरही अशा खुणांसह आली तर ज्ञान देऊ शकते, असे नवव्या शतकातील नज्जाम याने म्हटले होतेच.

हे निरीक्षण मनुष्यस्वभावाच्या दृष्टीने अगदी खरे आहे, पण शास्त्राच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे. ज्ञान झाले म्हणून खबर मुतवातिर, आणि खबर मुतवातिर म्हणून ते ज्ञान, असे म्हटले तर ज्याला ज्ञान झाले नाही त्याच्यापुढे ठेवायला काहीच उरत नाही. ज्या यादीतून स्फुरण वगळले ते दुसऱ्याला बांधून ठेवत नाही म्हणून, त्याच यादीतल्या खबरेची अंतिम खूण ऐकणाऱ्याच्या मनात आहे असे ठरते. मुतकल्लिमांनी यावर पडदा टाकला नाही. ऐकणाऱ्या सर्वांना, श्रद्धा काहीही असली तरी, बगदादविषयी सारखेच ज्ञान होते, या सामान्य अनुभवावर त्यांनी भिस्त ठेवली. जोवर उदाहरण बगदादचे आहे तोवर ती भिस्त पुरते.

खबरेचा दुसरा प्रकार प्रेषिताच्या वचनाचा. नसफींच्या मते हे ज्ञान इस्तिदलाली, म्हणजे पुराव्याने मिळणारे आहे, जरी निश्चितीच्या बाबतीत ते आपोआप होणाऱ्या ज्ञानासारखेच पक्के असले तरी. पुराव्याची पायरी अशी : हे वचन ज्याचे आहे त्याचे प्रेषितत्व चमत्काराने सिद्ध झाले आहे, असा माणूस ईश्वराकडून जे सांगतो ते खरे असते, म्हणून हे वचन खरे आहे. चमत्कार प्रेषिताच्या काळातल्या लोकांनी इंद्रियांनी पाहिला. नंतरच्यांपर्यंत तो मुतवातिर खबरेने पोहोचला. चमत्कारावरून प्रेषितत्व सिद्ध करणे हे बुद्धीचे काम. आणि एवढे झाल्यावर, मरणोत्तर जीवन, उपासनेचे नियम, ज्याविषयी इंद्रिये व बुद्धी मुकी आहेत अशा साऱ्या बाबतीत प्रेषिताचे वचन बोलू लागते. पोहोच सर्वांत दूरची ती या शेवटच्या साधनाची, पण आधारांची संख्याही त्याचीच सर्वाधिक.

याच कारणाने १०८५ मध्ये निधन पावलेले इमामुल हरमैन जुवैनी, म्हणजे गझालींचे गुरू, ‘अल्-बुर्हान’ या ग्रंथात ज्ञानाच्या दहा पायऱ्या लावतात तेव्हा क्रम असा येतो : स्वतःच्या अस्तित्वाचे आणि सुखदुःखाचे ज्ञान पहिले, परस्परविरुद्ध गोष्टी एकत्र असू शकत नाहीत यांसारखी स्वयंसिद्ध तत्त्वे दुसरी, इंद्रियज्ञान तिसरे, कारण इंद्रियांना व्याधी जडू शकतात, मुतवातिर खबर चौथी. मग कारागिरीचे ज्ञान, मग समोरच्याच्या चेहऱ्यावरची लाज किंवा भीती ओळखण्यासारखे ज्ञान, आणि सातव्या पायरीवर बुद्धीच्या विचाराने मिळवलेले ज्ञान. त्यापुढे प्रेषित पाठवले जाणे, चमत्कार आणि अखेर दहाव्या पायरीवर केवळ धर्मवचनाने कळणाऱ्या गोष्टी येतात. एका धर्मपंडिताने धर्मवचनातून मिळणारे ज्ञान शेवटी ठेवावे, याचे आश्चर्य वाटते, पण त्यात वचनाची अवहेलना नाही. आधीच्या पायऱ्या चढल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही एवढेच त्यात सांगितले आहे. ‘अल्-इर्शाद’मध्ये जुवैनी हेच वेगळ्या रीतीने मांडतात : ज्या गोष्टींवर वचनाची सत्यता स्वतःच अवलंबून आहे, उदाहरणार्थ ईश्वराचे अस्तित्व, त्या केवळ बुद्धीने कळतात, जे घडणे शक्य आहे ते खरोखर घडेल की नाही, हे केवळ वचनाने कळते, आणि काही गोष्टी दोन्हींनी कळतात. मुअतजिली काजी अब्दुल जब्बार यांनी बुद्धी, कुराण, सुन्नत आणि सर्वसंमती असा क्रम लावला आणि बुद्धीला प्रथम ठेवल्याचे लोकांना नवल वाटेल हेही लिहून ठेवले. कुराण हा पुरावा आहे हेसुद्धा बुद्धीनेच कळते, हे त्यांचे कारण. प्रतिपक्षी पंथांचे हे दोन पंडित या एका मुद्द्यापुरते एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

१२१० मध्ये निधन पावलेल्या फख्रुद्दीन राजी यांनी यातून एक सर्वसामान्य नियम काढला. ईश्वर सिंहासनावर स्थित आहे असे कुराणाचे वचन शब्दशः घेतले तर ईश्वराला शरीर आणि जागा येते, आणि बुद्धीच्या पुराव्याने ते अशक्य ठरलेले आहे. दोन्ही खरी मानणे हा व्याघात. दोन्ही खोटी मानणे हाही व्याघात. वचनाचा शब्दार्थ धरून बुद्धीला खोटे पाडावे, तर ज्या बुद्धीने प्रेषितत्व सिद्ध केले तीच खोटी ठरते आणि तिच्याबरोबर वचनही जाते. म्हणून बुद्धीचा निर्णय कायम ठेवावा आणि वचनाचा अर्थ लावावा किंवा तो ईश्वरावर सोपवावा. १३२८ मध्ये निधन पावलेल्या इब्न तैमिय्या यांनी या नियमाच्या खंडनासाठी मोठा ग्रंथ लिहिला. एखादा सामान्य माणूस वाटसरूला मुफ्तीचे घर दाखवतो. पुढे एखाद्या धर्मप्रश्नावर त्या माणसाचे आणि मुफ्तीचे मत वेगळे पडले, तर वाटसरूने मुफ्तीचेच ऐकावे, आणि मी घर दाखवले म्हणून माझे ऐक हे त्या माणसाचे म्हणणे चालणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शिवाय ‘बुद्धी’ हे एका वस्तूचे नाव नाही. प्रेषितत्व सिद्ध करणारा युक्तिवाद वेगळा आणि ईश्वराला जागा नाही असे सांगणारा युक्तिवाद वेगळा, म्हणून दुसरा कोसळला तर पहिलाही कोसळतो हे राजींनी सिद्ध केलेले नाही. साधन कोणते हे पाहू नये, दोहोंपैकी निश्चित कोणते आणि अनिश्चित कोणते ते पाहावे, हे त्यांचे म्हणणे. हा दुसरा आक्षेप मार्मिक आहे, आणि राजींच्या नियमाला त्यामुळे खरोखर तडा जातो, कारण आधाराचा संबंध विशिष्ट विधानांमध्ये असतो, संपूर्ण साधनांमध्ये नसतो.

परंतु बुद्धी आणि वचन यांच्या या गाजलेल्या वादाहून अधिक खोल अडचण राजींनी स्वतःच्या कुराणभाष्यात नोंदवली आहे. येशू सुळावर मरण पावला ही खबर ख्रिस्ती समाज पिढ्यान् पिढ्या, देशोदेशी, अफाट संख्येने सांगत आला आहे. मुतवातिर खबरेने ज्ञान होते असे म्हणणाऱ्याने ती स्वीकारायला हवी. कुराण मात्र ती नाकारते, आणि भाष्यकारांत रूढ असलेल्या एका स्पष्टीकरणानुसार येशूचे रूप दुसऱ्या कोणावर टाकले गेले व सुळावर गेला तो दुसरा. तिसऱ्या सूरेवरील भाष्यात राजी या स्पष्टीकरणावरचे आक्षेप एकेक करून मांडतात, आणि ते कोणाही विरोधकाने मांडावेत इतक्या जोरकसपणे. एका माणसाचे रूप दुसऱ्यावर टाकले जाऊ शकते असे मानले, तर बापाने मुलाला एकदा पाहून पुन्हा पाहिल्यावर हा आपलाच मुलगा हे त्याला खात्रीने म्हणता येणार नाही. प्रेषिताला आज्ञा देताना पाहणाऱ्या अनुयायांनाही हा तोच आहे याची खात्री उरणार नाही, आणि मग धर्मनियमच गळून पडतील. आणि मुतवातिर खबर ज्या पहिल्या पाहणाऱ्यावर उभी असते त्याच्याच डोळ्यांचा भरवसा गेला, तर खबरेचा भरवसा त्याआधी जाईल.

राजींची उत्तरे तीन पातळ्यांवर येतात. ईश्वर सर्वशक्तिमान मानणारा प्रत्येकजण हे मान्य करतो की, त्याला झैदसारखाच दुसरा माणूस घडवता येईल. तरी त्या शक्यतेमुळे समोरच्या झैदविषयी कोणाला शंका येत नाही, म्हणजे शक्यता मान्य करणे आणि शंका येणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरे असे की, सुळाच्या प्रसंगी हजर असलेले लोक थोडे होते, थोड्यांची गफलत होऊ शकते, आणि जी परंपरा आरंभी थोड्यांवर येऊन थांबते ती पुढे कितीही फोफावली तरी मुतवातिर ठरत नाही. तिसरे असे की, ज्याची सत्यता चमत्काराने निश्चित झाली आहे त्या प्रेषिताने जे सांगितले त्याच्यापुढे या साऱ्या केवळ शक्यता टिकत नाहीत.

यांपैकी दुसरे उत्तर शास्त्राच्या चौकटीतच राहते : गझालींची प्रत्येक पिढीतील संख्येची अट लावून ते दाव्याची छाननी करते, आणि हीच कसोटी कोणत्याही पंथाच्या, अगदी स्वतःच्या परंपरेलाही लावता येते. पहिले उत्तर खरे असले तरी ते सामान्य परिस्थितीपुरते आहे. इथे प्रश्न नेमका असा की, अशा एका प्रसंगी ती शक्यता प्रत्यक्षात उतरली असे मानले जात आहे, आणि मग इतर प्रसंगांना तिच्यापासून वेगळे कोणत्या खुणेने करायचे हे सांगावे लागते. तिसऱ्या उत्तरात क्रम उलटा होतो. प्रेषिताचे वचन जुवैनींच्या दहाव्या पायरीवर आहे, ते तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या, म्हणजे डोळ्यांच्या आणि खबरेच्या, आधाराने तिथे पोहोचले आहे, आणि आता ते खाली वळून त्याच पायऱ्यांवर काय दिसले याचा निवाडा करते. या निवाड्याने एखाद्या विशिष्ट साक्षीची चूक दाखवली तर इब्न तैमिय्यांच्या तर्काने ते चालू शकते, कारण चूक त्या साक्षीची, डोळ्यांची नव्हे. पण चुकीचे कारण म्हणून रूपबदल पुढे केला, तर खुद्द राजींनीच दाखवल्याप्रमाणे डोळ्यांची साक्षच धोक्यात येते आणि तिच्याबरोबर चमत्कार पाहणाऱ्यांची साक्षही. म्हणून राजींच्या तीन उत्तरांपैकी भार पेलू शकते ते दुसरेच, पाहणारे किती होते आणि त्यांनी नेमके काय पाहिले हे विचारणारे. आणि ते उत्तर स्वीकारणाऱ्याला हाच प्रश्न, याच कसोशीने, चमत्काराच्या प्रत्येक खबरेलाही विचारावा लागतो.